सतरा पानी भाडेकरार एका पानावर कसा आणायचा? कर्तव्यं आणि तारखा

जाईची_वेल

पुण्यातल्या एका टू बीएचकेचा लिव्ह अँड लायसन्स करार समोर आहे. सतरा पानं. त्यातली सहा अंगठे, फोटो आणि पावत्यांची, उरलेली अकरा कलमांची. फ्रिजवर चिकटवता येईल असं एकच पान बनवायचंय: राहणाऱ्यानं काय काय करायचं आणि कधी करायचं. करार कसा असावा हा प्रश्न नाही, तो सही होऊन नोंदवून झालाय.

ठळक गोष्टी अशा. मुदत २४ महिने, १५ जून २०२५ पासून. भाडं २८,०००, बारा महिन्यांनी ५ टक्के वाढ. डिपॉझिट १ लाख. लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना.

माझा पहिला खर्डा:

१. भाडं दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत.
२. लॉक-इन ६ महिने.
३. सोडायचं तर १ महिना नोटीस.
४. वीज, गॅस आपण. मेंटेनन्स मालक.
५. दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढ.
६. मोडतोड, बदल करायचे नाहीत.
७. सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार.
८. करार संपतो १५ जून २०२७ ला.

यात काय सुटलंय, काय चुकलंय?

खारी_बुडवणारा

फ्रिज मालकाचा असेल तर आधी बघा, त्यावर काही चिकटवायला परवानगी आहे का. कलम ७, लेखी पूर्वसंमती :)

दस्तऐवज

आठवा मुद्दा चूक आहे. १५ जून २०२५ ला सुरू झालेले २४ महिने १४ जून २०२७ ला संपतात. करारातही तसंच लिहिलेलं असेल, कलम १ पुन्हा बघा. एक दिवसाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण मुदत संपल्यावर जागा अडवून ठेवली तर दर दिवसाला दुप्पट भाडं, असं याच करारात पुढे, बहुतेक ताब्याच्या कलमात, असणार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ मध्येही तेच आहे. २९,४०० भाडं धरलं तर दिवसाचे ९८०, दुप्पट १,९६०. टेम्पो १५ ला सकाळी बोलावला तर हिशोब तिथून सुरू.

दुसरं, तुमच्या यादीत ओळी आहेत पण कलमांचे आकडे नाहीत. प्रत्येक ओळीशेवटी कंसात कलम आणि पान लिहा. वाद होतो तेव्हा फ्रिजवरचा कागद कामाचा नसतो, तो फक्त कुठलं पान उघडायचं ते सांगतो.

नाना_वाड्यातले

इतकी कसरत कशाला? अकरा महिन्यांचा करार करायचा होता. अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही, दोन पानात काम भागतं.

दस्तऐवज

नाना, हे अर्धंच बरोबर. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून ही अकरा महिन्यांची प्रथा आली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेपट्टा, करार लेखी आणि नोंदलेला हवा, मुदत किती का असेना. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

जाई, यावरून यादीत एक ओळ वाढते. नोंदणीकृत प्रत आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा, दोन्ही हातात आलेत का, आणि इंडेक्स टू वरच्या तारखा, भाडं, डिपॉझिट कलमांतल्या आकड्यांशी जुळतात का. ई-नोंदणीत डेटा वेगळा भरला जातो आणि मजकूर वेगळा टाइप होतो, त्यामुळे कधीकधी दोन जागी दोन आकडे राहतात.

नाना_वाड्यातले

बरं बरं. आमच्या वेळी भाडं पंचेचाळीस रुपये होतं आणि करारच नव्हता. अजून राहतोय :)

शब्दच्छल

शीर्षकात भाडेकरार असा शब्द पडलाय, पण या दस्तात भाडेकरू कुठेच नसतो. "या कराराने कोणताही भाडेकरू हक्क निर्माण होत नाही" असं एक अख्खं कलम त्यात असतं. तुम्ही परवानाधारक. एकपानी यादीत ते कलम घ्यायचं कारण नाही, त्यात करण्यासारखं काही नसतं. पण संक्षेप करताना करारातला शब्द बदलून सोपा शब्द घातला की अर्थ सरकतो, याचं हे उदाहरण.

तुमचा मुद्दा ३ घ्या. "१ महिना नोटीस." करारात काय शब्द आहेत? लेखी नोटीस? पूर्ण इंग्रजी महिना? आगाऊ? हे शब्द उडाले तर उरतं ते निरुपयोगी.

जाईची_वेल

@दस्तऐवज, कलम १ मध्ये १४ जून २०२७ च आहे. मी वर्षं मोजून लिहिलं, करारात बघून नाही. ताबा कलम ११ मध्ये आहे, दुप्पट रक्कमही तिथेच.

@शब्दच्छल, कलम १० असं आहे: "कोणत्याही पक्षास एक महिन्याची आगाऊ लेखी नोटीस देऊन हा परवाना रद्द करता येईल." आणि कलम १४: "पहिले सहा महिने लॉक-इन कालावधी राहील. या कालावधीत कोणताही पक्ष परवाना रद्द करू शकणार नाही. परवानाधारकाने तत्पूर्वी जागा सोडल्यास उर्वरित कालावधीचे शुल्क देणे बंधनकारक राहील. मात्र शुल्क थकल्यास परवाना देणाऱ्यास कलम १० चा वापर करता येईल."

शब्दच्छल

बघा, "लॉक-इन ६ महिने" या तीन शब्दांत किती गेलं. शेवटचं वाक्य तर गेलंच: लॉक-इन दोघांना आहे, पण भाडं थकलं की मालकापुरतं ते उठतं. म्हणजे मुद्दा १ आणि मुद्दा २ वेगळे नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत ५ तारीख चुकवणं हे नंतर चुकवण्यापेक्षा महाग आहे, आणि यादीत ते दिसायला हवं.

कोपऱ्यातली_खिडकी

माझी पद्धत सांगते. करार वाचताना चार रंगांचे मार्कर घ्यायचे. मी करायचं ते हिरवं, मालकानं करायचं ते निळं, तारीख किंवा दिवसांचा आकडा दिसला की पिवळं, आणि "अन्यथा", "मात्र", "कसूर झाल्यास", "लेखी" हे शब्द लाल. रंग न लागलेली कलमं यादीत येत नाहीत: पक्षांची ओळख, मिळकतीचं वर्णन, भाडेकरू हक्क नाही वगैरे. अकरा पानांतली निम्मी इथेच गळतात.

मग उरलेल्या प्रत्येक वाक्यासाठी चार खाने: कोण, काय, कधीपर्यंत, नाही केलं तर काय. चौथा खाना रिकामा राहिला तर समजायचं की त्याला दात नाहीत, किंवा दात दुसऱ्या कलमात आहेत. बहुतेक वेळा दुसऱ्या कलमातच असतात.

जाईच्या कलम १० आणि १४ ची मिळून होणारी ओळ अशी:

"१४ डिसेंबर २०२५ पर्यंत सोडता येत नाही. सोडलं तर १४ डिसेंबरपर्यंतचं उरलेलं भाडं द्यायचं. या काळात भाडं थकलं तर मालक मात्र १ महिन्याच्या लेखी नोटिशीनं काढू शकतो. (क. १०, १४)"

लांब आहे, पण खरी आहे. समजा १४ ऑक्टोबरला सोडलं, तर दोन महिन्यांचे ५६,००० देणं लागतं. हा आकडाही मी बाजूला लिहीन.

मस्कतकर

माझा फ्लॅट ठाण्यात आहे, मी मस्कतला. भाडेकरू दर वर्षी करार वाचत नाही आणि फोन मला करतो. तुम्ही मालकांसाठी असा तक्ता करून द्याल का? भाडं ३२,००० आहे. आणि लॉक-इन किती ठेवावं?

दस्तऐवज

मस्कतकर, हा धागा उलट्या बाजूचा आहे. पण तुमच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट निघाली. राहणाऱ्याची काही कर्तव्यं करारात लिहिलेलीच नसतात. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडं देताना टीडीएस कापायची जबाबदारी राहणाऱ्याची, आणि त्याला महिना ५० हजारांची मर्यादा नाही. तुमच्या ३२ हजारांवरही लागू. दर तीस टक्क्यांच्या वर जातो, टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक काढावा लागतो. तुमच्या भाडेकरूला हे माहीत आहे का?

निवासी मालक असेल तर महिना ५० हजारांवरच्या भाड्यालाच, ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के, आणि तेही वर्षाच्या किंवा मुदतीच्या शेवटच्या महिन्यात एकदा. जाईच्या २८ हजारांना प्रश्न नाही, पण मालक इथंच राहतो का, हे विचारून यादीच्या तळाशी लिहून ठेवा.

मस्कतकर

अरे बापरे. नाही, कापत नाही तो. सीएला विचारतो.

खारी_बुडवणारा

मस्कतकर तक्ता मागायला आले आणि टीडीएस घेऊन गेले.

जाईची_वेल

मालक पुण्यातच आहेत, शेजारच्या बिल्डिंगमध्ये. ते एक बरं की वाईट, ते कळेल.

आता तारखांचा गोंधळ. करार १५ ला सुरू, भाडं ५ ला. कलम २: "परवाना शुल्क त्या त्या इंग्रजी महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत देय राहील." पहिल्या महिन्याचं किती द्यायचं?

कोपऱ्यातली_खिडकी

याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही चालतात, पण एक निवडून मालकाकडून लेखी घ्या.

पहिला अर्थ, कॅलेंडर महिना. जून २०२५ चे १५ ते ३० असे १६ दिवस, २८,००० भागिले ३० गुणिले १६, म्हणजे १४,९३३. पुढे १ जुलैपासून पूर्ण महिने, ५ तारखेच्या आत, आगाऊ. वाढीच्या महिन्यात मात्र गंमत होते. जून २०२६ मध्ये पहिले १४ दिवस जुन्या दराचे १३,०६७ आणि पुढचे १६ दिवस नव्या दराचे १५,६८०, मिळून २८,७४७. जुलैपासून २९,४००. आणि शेवटच्या जून २०२७ मध्ये फक्त १४ दिवस, १३,७२०.

दुसरा अर्थ, १५ ते १४ असा करारी महिना, आणि पैसे ५ तारखेला. मग ५ जुलैला दिलेले पैसे १५ जून ते १४ जुलैचे. तुकडे पडत नाहीत, पण अर्धं भाडं मागून आणि अर्धं पुढून असं होतं. सोडताना हिशोबात हमखास भांडण.

मी पहिला अर्थ घेईन. जिथे घोळ होतो ती जागा म्हणजे बँकेतली स्थायी सूचना. २८,००० ची लावून विसरतात, जून २०२६ निघून जातो, आणि शेवटी डिपॉझिटमधून एकदम सोळा-सतरा हजार कापले जातात. वर ती थकबाकीसुद्धा धरली जाते. म्हणून मुद्दा ५ "दुसऱ्या वर्षी वाढ" असा नको. "१ जून २०२६: बँकेतली सूचना बंद. ५ जूनपर्यंत २८,७४७ हातानं. १ जुलैपासून २९,४०० ची नवी सूचना" असा हवा.

नाना_वाड्यातले

५ टक्के वाढ मूळ भाड्यावर की वाढलेल्या भाड्यावर?

कोपऱ्यातली_खिडकी

इथे एकच वाढ आहे त्यामुळे फरक नाही. ३६ महिन्यांचा असता तर तिसऱ्या वर्षी ३०,८०० की ३०,८७० हा प्रश्न आला असता. सत्तर रुपयांसाठी कोणी भांडत नाही म्हणा.

नाना_वाड्यातले

पुण्यात भांडतात.

सदाशिव_पेठी

सोसायटीच्या बाजूनं थोडं. मुद्दा ४ "मेंटेनन्स मालक" हा तसा ठीक, पण बिल फ्लॅटच्या नावानं येतं आणि बहुतेक वेळा राहणाऱ्याच्या दारात सरकवलं जातं. यादीत "बिल आलं की फोटो मालकाला, त्याच दिवशी" अशी ओळ हवी. दंड लागला की बोलणी राहणारा खातो.

मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं देतो म्हणून सोसायटी घेते ते बिगरवहिवाट शुल्कही मालकाचंच. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. काही करारांत हळूच "सोसायटीचे सर्व आकार परवानाधारक भरेल" असं असतं, ते बघा.

आणि सोसायटीला काय हवं ते यादीत पहिल्या आठवड्यात टाका: नोंदलेल्या कराराची प्रत, पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पोच, गाडीचा नंबर, घरात राहणाऱ्यांची नावं. पोलिसांना माहिती मालकानं द्यायची असते, पण पोच तुमच्याकडे ठेवा. गेटवर ट्रक थांबलेला असताना ती शोधायला लागते.

शब्दच्छल

मुख्य वाद राहिलाच. लॉक-इनमध्ये नोटीस देता येते की नाही?

कलम १४ म्हणतं "रद्द करू शकणार नाही". नोटीस देणं आणि रद्द होणं या दोन गोष्टी आहेत. १४ नोव्हेंबरला नोटीस दिली तर परवाना रद्द होतो १४ डिसेंबरला, म्हणजे लॉक-इन पूर्ण झाल्यावर. माझ्या मते हे चालायला हवं. यादीतली तारीख: सर्वात लवकर नोटीस १४ नोव्हेंबर २०२५.

दस्तऐवज

मी असं लिहिणार नाही. बरेच मालक आणि त्यांचे वकील उलट वाचतात: लॉक-इन संपेपर्यंत कलम १० वापरताच येत नाही, म्हणून नोटीस १५ डिसेंबरला आणि बाहेर पडणं १४ जानेवारीला. आणि इथल्या कलम १४ च्या शेवटच्या वाक्यात या वाचनाला आधार आहे. "थकल्यास परवाना देणाऱ्यास कलम १० चा वापर करता येईल" म्हणजे एरवी लॉक-इनमध्ये कलम १० वापरता येत नाही, असा अर्थ निघतो. फरक एक महिन्याच्या भाड्याचा, २८,००० चा.

शब्दच्छल

ते वाक्य फक्त मालकाबद्दल आहे. त्यावरून परवानाधारकाचा नोटीस द्यायचा हक्क जात नाही.

दस्तऐवज

असंही वाचता येतं. म्हणूनच म्हणतो, यादीत दोन्ही तारखा टाका आणि पुढे प्रश्नचिन्ह. यादी बनवणाऱ्यानं करारातली संदिग्धता आपल्या सोयीनं मिटवायची नसते. मिटवली की सहा महिन्यांनी तीच ओळ बघून माणूस नोटीस पाठवतो आणि २८ हजार जातात.

खारी_बुडवणारा

*पॉपकॉर्न घेऊन बसलेली बाहुली*

जाईची_वेल

मग हे मालकांना आत्ताच ईमेलनं विचारू का? शेजारीच आहेत, तोंडी विचारलं तर "अहो बघू की तेव्हा" म्हणतील.

कोपऱ्यातली_खिडकी

ईमेलच. एका मेलमध्ये तीनच प्रश्न: पहिल्या जूनचं भाडं १४,९३३ धरायचं ना, लॉक-इननंतर सर्वात लवकर कोणत्या तारखेला सोडता येईल, आणि रंगाचे पैसे कसे मोजणार. उत्तर आलं की त्याची तारीख यादीत कलमाच्या आकड्याशेजारी. अख्खी यादी पाठवून "मान्य आहे का" विचारू नका.

सदाशिव_पेठी

का नको? मालकानं यादीवर सही केली तर उत्तमच.

दस्तऐवज

नको, कारण मग दोन कागद होतात आणि दोन्हीवर सह्या. यादीत करारापेक्षा काही वेगळं लिहिलं गेलं असेल तर कुठलं खरं, हा नवा वाद. शिवाय भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली लेखी परवाना करारात नमूद गोष्टी निर्णायक पुरावा धरल्या जातात, बाजूचा कागद त्यापुढे टिकणं अवघड. यादीच्या माथ्यावर एक ओळ लिहा: "फरक आढळल्यास नोंदणीकृत करार, दस्त क्रमांक अमुक, खरा." आणि शंकांची उत्तरं ईमेलनं.

तसंच तोंडी मुदतवाढीचं. "राहा अजून दोन महिने" असं शेजारून सांगितलं तरी १४ जून २०२७ नंतर तुमच्याकडे कागद नाही. पुढे राहायचं तर नवा करार, पुन्हा नोंदणी. त्यासाठी यादीत १५ एप्रिल २०२७ ला "राहायचं का, नव्या भाड्याचं काय" असं विचारायची ओळ टाका. करारात नसली तरी.

शब्दच्छल

करारात नसलेल्या ओळी वेगळ्या चिन्हानं लिहा, नाहीतर दोन वर्षांनी कुठली अट आणि कुठला सल्ला ते कळणार नाही.

दस्तऐवज

हे मान्य.

जाईची_वेल

रंगाचं कलम देते. कलम १३: "जागा सोडतेवेळी रंगकामापोटी एक महिन्याचे शुल्क अनामत रकमेतून वजा करण्यात येईल." आणि कलम ६: "परवानाधारक जागा आहे त्या स्थितीत ठेवील, नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता. प्रत्येकी १,५०० रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने करावी."

नाना_वाड्यातले

झीज वगळता म्हटलंय ना, मग रंग उडणं ही झीजच. द्यायचे नाहीत पैसे.

शब्दच्छल

नाना, कलम ६ राहतानाच्या देखभालीबद्दल, कलम १३ सोडतानाच्या ठरलेल्या वजावटीबद्दल. सही केलीय म्हटल्यावर "झीज" म्हणून १३ उडणार नाही. प्रश्न वेगळा आहे: एक महिन्याचं शुल्क म्हणजे २८,००० की २९,४००? सहाव्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण? करार गप्प आहे. ईमेलमधला तिसरा प्रश्न तोच.

सदाशिव_पेठी

"प्रत्येकी १,५००" हेही खर्ड्यात नव्हतं. प्रत्येकी म्हणजे प्रत्येक दुरुस्तीला. गीझरचा थर्मोस्टॅट गेला, आपण. गीझरची टाकीच फुटली, मालक. मधल्या रकमेचं, म्हणजे प्लंबरनं १,८०० सांगितले तर? पूर्ण मालकाचे की वरचे ३०० मालकाचे? आमच्या बिल्डिंगमध्ये हे भांडण दर पावसाळ्यात.

कोपऱ्यातली_खिडकी

यादीत: "दुरुस्ती १,५०० पर्यंत आपली. त्यापुढची वाटली तर कामाआधी मालकाला फोटो आणि अंदाज, होकार आल्यावर काम. (क. ६)" रकमेचं भांडण काम झाल्यावरच होतं, आधी होत नाही.

सोडण्याच्या दिवसाचं एकच सांगते, कारण तिथे सगळ्यात जास्त पैसे अडकतात. कलम ३ मध्ये डिपॉझिट "जागा रिकामी करताना थकबाकी वजा करून" परत, असं असणार. पण शेवटचं वीजबिल त्या दिवशी आलेलं नसतं, पाइप गॅसचं तर त्याहून उशिरा येतं. मग "बिलं आली की देतो" म्हणून अख्खा लाख थांबतो. उपाय: किल्ली देताना दोन्ही मीटरचे फोटो, दोघांच्या फोनवर. आधीच्या तीन बिलांवरून अंदाज काढून तेवढीच रक्कम, समजा ३,०००, मागे ठेवायची आणि बाकी त्याच दिवशी बँकेत. हे किल्लीच्या आधी ठरवायचं.

आणि "शेवटचे तीन महिने भाडं देत नाही, डिपॉझिटमधून वळवा" हे करू नका. तुम्हाला सोयीचं वाटतं, करारानुसार ती थकबाकी असते.

खारी_बुडवणारा

थोडं अवांतर. परिशिष्टातली पंख्यांची संख्या कोणी मोजत नाही का? करारात पाच, घरात चार, आणि सोडताना पाचवा तुम्ही खाल्ला.

सदाशिव_पेठी

अवांतर नाही, हेच सगळ्यात आधी करायचं. परिशिष्ट दोनची यादी घेऊन ताब्याच्या दिवशी प्रत्येक वस्तूपुढे चालू, बंद, नाही, असं लिहायचं, फोटोसकट, आणि त्याच संध्याकाळी मालकाला मेल. दोन दिवसांनी पाठवलं तर "तुम्हीच बिघडवलं" ऐकायचं.

मस्कतकर

सीएशी बोललो. बराच जुना हिशोब निघणार असं दिसतंय. धागा वाचनखुणेत टाकलाय. पण लॉक-इन किती ठेवावं ते कोणी सांगितलं नाही.

शब्दच्छल

वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

जाईची_वेल

दुसरा खर्डा. ज्या गोष्टी करारात नाहीत, त्यांना चांदणी लावलीय.

माथ्यावर: फरक आढळल्यास नोंदणीकृत करार खरा.

१५ जून २०२५: परिशिष्ट दोन मोजून फोटो आणि मेल त्याच दिवशी\*. मीटरचे फोटो\*. पोलीस पोच आणि इंडेक्स टू ताब्यात\*.
त्याच आठवड्यात: जूनचं १६ दिवसांचं भाडं १४,९३३ (क. २, मालकांचा मेल यायचाय).
दर महिन्याच्या ५ पर्यंत: २८,०००. लॉक-इनमध्ये थकलं तर मालक महिन्याच्या लेखी नोटिशीनं काढू शकतात (क. २, १०, १४).
सोसायटीचं बिल आलं: फोटो मालकांना त्याच दिवशी\*. भरायचं त्यांनी (क. ४).
वीज, गॅस: आपण, मुदतीत, पावत्या जपून (क. ५).
दुरुस्ती: प्रत्येकी १,५०० पर्यंत आपली. वरची आधी विचारून\* (क. ६).
खिळे, ड्रिलिंग, बदल: आधी लेखी परवानगी (क. ७).
१४ डिसेंबर २०२५: लॉक-इन संपतं. त्याआधी सोडलं तर उरलेलं भाडं (क. १४). सर्वात लवकर बाहेर १४ डिसेंबर की १४ जानेवारी?
१ जून २०२६: बँकेतली सूचना बदल\*. जूनचे २८,७४७, जुलैपासून २९,४०० (क. २).
नोटीस: लेखी, १ महिना आधी (क. १०).
१५ एप्रिल २०२७: पुढे राहायचं का, विचारणे\*.
१४ जून २०२७: जागा रिकामी. नंतर रोज १,९६० (क. ११). डिपॉझिटमधून रंगाचे एक महिन्याचे, २८,००० की २९,४०० (क. १३)?

शब्दच्छल

नोटीस कशी द्यायची तेही लिहा. करारात मालकांचा पत्ता कोणता दिलाय आणि ईमेल चालतो असं कुठे आहे का? नसेल तर पत्त्यावर स्पीड पोस्ट आणि शिवाय ईमेल. व्हॉट्सॅपवर "आम्ही सोडतोय" म्हणजे लेखी, असं ठाम मानू नका.

आणि एक महिना कसा मोजायचा? तुमच्या कलमात नुसतं "एक महिन्याची" आहे. "पूर्ण इंग्रजी महिन्याची" असतं तर २० जानेवारीची नोटीस २८ फेब्रुवारीला संपली असती, २० ला नाही. तुमचं कलम सैल आहे, ते या बाबतीत तुमच्या फायद्याचं.

जाईची_वेल

प्रकाटाआ.

जाईची_वेल

आधीचा प्रतिसाद काढला कारण चुकीचं लिहिलं होतं. करारात मालकांचा पत्ता ते राहतात तो नाही, याच फ्लॅटचा दिलाय! म्हणजे नोटीस मी मलाच पाठवायची.

खारी_बुडवणारा

पोच मिळायची खात्री तरी आहे.

दस्तऐवज

हे बऱ्याच करारांत होतं, आधार कार्डावर जुना पत्ता असतो तोच उचलला जातो. मेलमध्ये चौथा प्रश्न घाला: नोटिशीसाठी तुमचा सध्याचा पत्ता आणि ईमेल कोणता. यादीत तो पत्ता नोटिशीच्या ओळीखालीच लिहा.

जाईची_वेल

मेल आत्ता पाठवला, चार प्रश्न. दहा मिनिटांत गॅलरीतून हाक आली, "अहो, मेल कशाला, चहाला या ना."

कोपऱ्यातली_खिडकी

चहाला जा. परत आल्यावर "आत्ता बोलल्याप्रमाणे" असं सुरू करून चारही उत्तरं त्यांना मेलनं पाठवा.